गेलेल्या कारकुनाचे दप्तर संगणकात अडकले तर



कारकून नोकरी सोडून गेला की चार्ज द्यायचा-घ्यायचा, ही आपल्या संस्थांची जुनी रीत आहे. कपाटाच्या किल्ल्या, रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तके, शिक्के यांची यादी होते, दोघांच्या सह्या होतात आणि माणूस मोकळा होतो. अलीकडे मात्र बऱ्याच उपसा जलसिंचन संस्था, दूध संस्था आणि सोसायट्या यांचे निम्मे दप्तर कपाटात नसतेच. ते गुगल वर्कस्पेससारख्या सामाईक जागेत असते आणि चार्ज यादीत त्याचा उल्लेखही नसतो. कारकून जातो, त्याचे खाते बंद होते आणि पंधरा दिवसांनी कोणाच्या तरी ध्यानात येते की पाणीपट्टीचे खाते उघडत नाही. अशा वेळी काय करावे, हे या लेखात एका घडलेल्या प्रकरणाच्या आधाराने सांगत आहोत. संस्थेचे नाव देण्याचे कारण नाही.

प्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. गुगलच्या ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो. फाइल ज्याने प्रथम तयार केली तो मालक. बाकीच्यांना ती पाहण्याची किंवा तीत लिहिण्याची परवानगी असते, एवढेच. आपण वर्षानुवर्षे जमीन कसतो, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर असावा, तसा हा प्रकार आहे. फाइल संस्थेच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली म्हणून ती संस्थेची होत नाही. फोल्डर सचिवांचा असला तरी आतली फाइल कारकुनाने केली असेल तर मालक कारकूनच राहतो. बांध आपला, पण बांधावरचे झाड शेजाऱ्याच्या नावावर, असे म्हणा ना. मालकाचे खाते काढून टाकले की त्याच्या मालकीच्या फायलीही त्याच्याबरोबर जातात. तीत रोज लिहिणारे दहा जण असले तरी त्यांच्या परवानगीचा काही उपयोग राहत नाही.

याला अपवाद शेअर्ड ड्राइव्हचा. ती जागा कोणा व्यक्तीची नसून संस्थेची असते आणि तिच्यातली फाइल माणूस गेला तरी जागच्या जागी राहते. पण ही सोय वेगळी उघडावी लागते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक संस्थांत सगळे काम कारकुनाच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्येच चालते, कारण सुरुवात त्यानेच केलेली असते.

आता प्रकरण सांगतो.

सदर संस्थेचे २१४ सभासद आहेत. नदीवर मोटारी, तिथून वर टाकीपर्यंत जलवाहिनी आणि पुढे पाळीप्रमाणे पाणी. पाणीपट्टी ऊस बिलातून कापली जाते, त्यासाठी संस्था दर हंगामात कारखान्याला कपातीची यादी देते. संस्थेने गुगल वर्कस्पेसची सहा खाती घेतलेली आहेत. कारकून ३१ मे २०२५ रोजी दुसऱ्या नोकरीवर गेला. भांडण नव्हते, हिशेबही चोख होता. ३ जूनला सचिवांनी त्याचे खाते काढून टाकले. दर खात्याला दरमहा पैसे पडतात, तेव्हा वापर नाही तर खर्च कशाला, असा साधा विचार. पण कारकुनाच्या पत्त्यावर वीज बिले आणि बँकेची पत्रे येत असत. ती चुकू नयेत म्हणून त्यांनी लगेच त्याच पत्त्याचे नवे खाते तयार करून नव्या मुलाच्या हाती दिले.

१८ जूनला लेखापरीक्षक येऊन बसले. त्यांनी सभासदवार पाणीपट्टीचा उतारा मागितला. सचिवांनी नेहमीची लिंक दाबली, तर पडद्यावर आले: "Sorry, the file you have requested does not exist." म्हणजे अशी फाइलच नाही.

हा संदेश वाचूनच निम्मे निदान होते. फाइल जिवंत आहे पण आपल्याला परवानगी नाही, अशा वेळी "You need access" असे येते आणि परवानगी मागण्याचे बटण दिसते. तसे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, मालकाला किंवा अ‍ॅडमिनला सांगून ती मिळते. फाइलच नाही असे आले आणि मालकाचे खाते नुकतेच काढलेले असले, तर मात्र दिवस मोजायला लागावे. आणखी एक सांगून ठेवतो. खाते काढल्यावरही एखादी फाइल काही काळ उघडत राहिली, तर ती वाचली असे समजू नये. उघडते आहे तोवर तिची नक्कल करून घ्यावी, म्हणजे नकलेचा मालक नक्कल करणारा होतो.

सचिवांनी मग नव्या खात्यात जाऊन पाहिले. ड्राइव्ह पूर्ण रिकामा. "अरे, पत्ता तर तोच केलाय की, मग फायली गेल्या कुठं?" असे त्यांनी संगणकाचे काम बघणाऱ्या मुलाला विचारले. तो एका सभासदाचा पुतण्या, पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, "काका, पत्ता तोच असला तरी खातं नवं आहे. जुनं घर पाडून त्याच नंबरवर नवं बांधलं तर जुन्यातली भांडी नव्यात येतात का?" आम्हाला वाटते, यापेक्षा सोप्या शब्दांत हे सांगता येणार नाही. गुगल खाते ओळखते ते आतल्या एका वेगळ्या क्रमांकावरून. पत्ता ही नुसती पाटी.

मग त्याने महत्त्वाचा प्रश्न विचारला: खाते काढले कधी? गुगल वर्कस्पेसमध्ये काढलेले खाते २० दिवसांच्या आत परत आणता येते. त्यानंतर ते कायमचे जाते, कोणाला फोन करून वा पत्र लिहून उपयोग होत नाही. ३ जूनला काढले, म्हणजे २३ जूनला मुदत संपणार. हातात पाच दिवस होते. पण सगळे शेवटच्या दिवसावर ठेवता येत नाही, कारण परत आणलेल्या खात्यातील सर्व सेवा पूर्ववत व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दिवसांबद्दल शंका असेल तर एक सोपी खूण आहे. अ‍ॅडमिनने admin.google.com वर जावे, "Directory" मध्ये "Users" उघडावे आणि वरच्या गाळणीत "Recently deleted" निवडावे. त्या यादीत माणसाचे नाव दिसले तर वेळ आहे. नाव नसेल तर नाही.

नाव दिसले. नावावर गेले की "Recover" असे बटण येते. ते दाबायचे, कोणत्या विभागात ठेवायचे ते निवडायचे, की झाले. हे काम साध्या अ‍ॅडमिनला नाही, सुपर अ‍ॅडमिनला करावे लागते. या संस्थेत तो अधिकार सचिवांच्या खात्याला होता हे नशीब. काही ठिकाणी कारकूनच एकटा सुपर अ‍ॅडमिन असतो, तिथली गाठ फार अवघड बसते. म्हणून हा अधिकार निदान दोन खात्यांना असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण इथे खरी अडचण पुढे आली. जुना पत्ता नव्या खात्याने अडवलेला होता. एका पत्त्यावर दोन खाती बसू शकत नाहीत, त्यामुळे जुने खाते परत येईना. नवे खाते काढून टाकावे तर पंधरा दिवसांत त्यात आलेली वीज बिले अडकायची. तेव्हा मुलाने नव्या खात्याचा पत्ता बदलून दुसरा केला. आता पत्ता मोकळा झाला असे वाटेल, पण झाला नाही. गुगलमध्ये खात्याचा पत्ता बदलला की जुना पत्ता त्याच खात्याला जोडपत्ता म्हणून चिकटून राहतो, म्हणजे जुन्या नावाने आलेली पत्रे चुकू नयेत अशी सोय. एरवी ही सोय चांगली आहे, पण इथे तीच आडवी आली. खात्याच्या माहितीत जाऊन तो जोडपत्ता वेगळा काढावा लागला. पुष्कळ लोक नेमके याच पायरीवर अडतात आणि "परत येतच नाही म्हणे" असे म्हणून सोडून देतात. कारकुनाची पत्रे मिळावीत म्हणून त्याचा पत्ता दुसऱ्या कोणाला जोडपत्ता म्हणून दिला असेल, तरीही हाच अडसर येतो आणि तोही आधी काढावा लागतो.

दुसरी बाब जागेची. संस्थेची सहा खाती पूर्ण भरलेली होती, कारण सहाव्या जागेवर नवे खाते बसले होते. परत येणाऱ्या खात्याला एक मोकळी जागा लागते. त्यांनी एक खाते वाढवून घेतले. हजारो रुपयांच्या वसुलीपुढे एका खात्याचे शुल्क ते किती!

१९ जूनच्या दुपारी जुने खाते परत आले. खाते परत येते ते चालू स्थितीत, म्हणजे गेलेल्या माणसाला त्याचा जुना पासवर्ड लावून आत येता येण्याची शक्यता असते. म्हणून पहिले काम पासवर्ड बदलण्याचे केले. यात त्या कारकुनावर अविश्वास नाही. कपाटाचे कुलूप चार्ज बदलताना बदलतात, तसेच हे. २० जूनला सकाळी लेखापरीक्षकांची जुनी लिंक दाबली आणि पाणीपट्टीचे खाते जसेच्या तसे उघडले.

इथे पुष्कळजण थांबतात, आणि ते बरोबर नाही. फायली अजून कारकुनाच्याच मालकीच्या आहेत. पुढच्या महिन्यात शुल्क वाचवायला कोणी ते खाते पुन्हा काढले की पुन्हा तेच. तेव्हा मालकी बदलली पाहिजे. अ‍ॅडमिनच्या पानावर "Apps", त्यात "Google Workspace", त्यात "Drive and Docs" आणि तिथे "Transfer ownership" अशी जागा आहे. कोणाकडून आणि कोणाकडे, असे दोन पत्ते टाकायचे. दोन्ही खाती त्याच संस्थेची असावी लागतात, बाहेरच्या जीमेलवर मालकी देता येत नाही. फायली पुष्कळ असतील तर काही तास लागतात. काम झाले की घेणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जुन्या मालकाच्या पत्त्याच्या नावाचा एक फोल्डर दिसतो आणि सगळे त्यात असते.

नक्कल न करता मालकी बदलण्याचा फायदा काय, असे कोणी विचारील. नकलेला नवी लिंक मिळते आणि जुन्या लिंका सगळ्या तुटतात. पाणी सोडणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये, कारखान्याच्या हिशेब विभागात, चेअरमन साहेबांकडे, जिथे जिथे ती लिंक दिलेली असते तिथे नवी पाठवत बसावे लागते. शिवाय एखादा जुन्या नकलेत लिहितो, दुसरा नव्यात लिहितो, आणि दोन उतारे तयार होतात. मालकी बदलली तर फाइल तीच, लिंक तीच आणि पूर्वी दिलेल्या परवानग्याही त्याच राहतात.

सगळे आले की नाही याचा ताळा असा घेतला. परत आणलेल्या खात्यात शिरून ड्राइव्हच्या शोधाच्या जागी पुढील शब्द टाकला:

```
owner:me
```

याने त्या खात्याच्या मालकीच्या फायली तेवढ्या दिसतात. मालकी बदलण्याआधी यादी लांबलचक होती. २१ जूनला मालकी बदलल्यावर तोच शोध केला तेव्हा एकही फाइल उरली नाही. नंतर सचिवांच्या खात्यात चार महत्त्वाच्या फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्या: सभासदवार पाणीपट्टी, गटनंबरवार क्षेत्र, पाळीपत्रक आणि जलवाहिनी दुरुस्तीची मोजमापे. नुसते नाव दिसून भागत नाही, आतले आकडे बघावेत. पाणीपट्टीच्या फाइलीतली शेवटची नोंद कारकुनाने जाण्याच्या आदल्या दिवशी केलेली होती, ती जागेवर होती.

एक गोष्ट मात्र आपोआप पूर्ववत झाली नाही. मोटारीचे तास आणि वीज मीटरचे आकडे रोज मोबाईलवरून भरण्यासाठी कारकुनाने एक फॉर्म केला होता, आणि आकडा आला की चेअरमनना संदेश जाईल अशी छोटी आज्ञावली त्याला जोडली होती. फॉर्म परत आला, मागचे आकडेही आले. पण अशी आज्ञावली जो लावतो त्याच्याच खात्याच्या नावाने चालते. मालक बदलला म्हणून ती नव्याच्या नावाने सुरू होत नाही. सचिवांच्या खात्यातून ती नव्याने लावावी लागली. ३ ते १९ जूनपर्यंतचे मीटरचे आकडे फॉर्ममध्ये आलेच नव्हते, पण पाणी सोडणाऱ्यांनी ते वहीत लिहून ठेवले होते म्हणून भरून काढता आले. वही बंद करू नका, असे आम्ही त्यांना तेव्हाच सांगितले. आणखी एक, पत्रव्यवहार हा ड्राइव्हपेक्षा वेगळा. फायलींची मालकी बदलली तरी जुन्या खात्यातली पत्रे त्या खात्यातच राहतात, ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात.

ही मुदत निघून गेली असती तर? तेव्हा काढलेले खाते विसरावे आणि जे कारकुनाच्या मालकीचे नव्हते ते शोधावे. कोणी केलेली नक्कल, कारखान्याच्या हिशेब विभागाला पत्राला जोडून पाठवलेली कपातीची यादी, कोणाच्या संगणकात उतरवलेली प्रत, अहवालासाठी काढलेली छापील पाने, यांतले काहीही उपयोगी पडते. दुसऱ्याने तयार केलेल्या फाइलीत कारकून लिहीत असला तर ती फाइल शाबूतच असते, कारण मालक दुसरा. आणि सभासदांजवळ स्वतःची ऊस बिले असतात. बिलात पाणीपट्टीची कपात वेगळी दाखवलेली असते. २१४ सभासदांची मागच्या हंगामाची बिले गोळा केली तर निदान वसुलीची बाजू उभी राहते. आगाऊ भरलेले पैसे मात्र रोख पावतीवरूनच कळणार, तेव्हा पावती हरवलेल्या सभासदाची अडचण होते.

ज्या संस्थांचा कारकून स्वतःच्या साध्या जीमेल खात्यातच संस्थेचे काम करतो, त्यांना वरील मार्ग लागू नाही. तिथे अ‍ॅडमिन कोणी नसतो, खाते त्याचे खासगी. संस्थेला ते परत आणता येत नाही आणि मालकीही काढून घेता येत नाही. मालकी द्यायची तर त्याने स्वतः द्यावी लागते आणि घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते. हे काम तो माणूस खुर्चीवर बसलेला असतानाच, चार्ज यादीवर सही होण्यापूर्वी, समोर बसून करून घ्यावे. तो गावातला आहे, उद्या सांगू, असे म्हणत वर्ष जाते.

सदर संस्थेने परत आणलेले खाते जुलैअखेर काढले. या वेळी काढताना जी चौकट येते ती नीट वाचली. त्यात फायली कोणाकडे द्यायच्या असे विचारलेले असते आणि कोणालाही न दाखवलेल्या फायलीही घ्यायच्या का, अशी वेगळी खूण असते. ती खूण केली नाही तर कारकुनाने एकट्यासाठी ठेवलेले कच्चे हिशेब मागे राहतात. कच्चे हिशेबच कित्येकदा जास्त कामाचे असतात. मधल्या काळात खाते काढण्याऐवजी स्थगित ठेवण्याचाही मार्ग होता. स्थगित खात्यात कोणाला शिरता येत नाही, पण त्याच्या फायली ज्यांना दाखवल्या आहेत त्यांना उघडतात. शुल्क मात्र चालूच राहते, हे धरून चालावे. पाणीपट्टी, पाळीपत्रक आणि क्षेत्राच्या फायली आता शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवल्या आहेत आणि चार्ज यादीच्या नमुन्यात शिक्के व किल्ल्यांच्या खाली एक ओळ वाढवली आहे: "ड्राइव्हमधील फायली, मालकी कोणाकडे."